'सच' की 'सो'? : विशेषणापुढील नामाचा शोध

इंग्रजी लिहिणाऱ्या भारतीय माणसाच्या हातून जे दोष वारंवार घडतात, त्यांपैकी काही मोठे फसवे असतात. अर्थाला त्यांच्यामुळे बाध येत नाही, ऐकणारा बोलणाऱ्याचे म्हणणे पुरते समजतो, आणि म्हणूनच ते दोष कोणी दाखवून दिल्यावाचून वर्षानुवर्षे टिकून राहतात. 'इट वॉज सो ब्यूटिफुल डे' हे वाक्य या जातीचे आहे. 'तो इतका सुंदर दिवस होता' हा त्याचा अर्थ कोणासही कळेल. परंतु इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा मनुष्य हे वाक्य कधीही उच्चारणार नाही. तो म्हणेल, 'इट वॉज सच ए ब्यूटिफुल डे'. किंवा शब्दांची मांडणी बदलून तो म्हणेल, 'द डे वॉज सो ब्यूटिफुल'. पहिल्या वाक्यात 'सच' का आले आणि दुसऱ्यात 'सो' का आले, याचा उलगडा झाला म्हणजे या विषयातील बहुतेक अडचणी आपोआप सुटतात.

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. मराठीत आपण 'इतका सुंदर दिवस' असे म्हणतो आणि 'दिवस इतका सुंदर होता' असेही म्हणतो. विशेषण नामाच्या आधी आले, तेव्हा आपले वैयाकरण त्याला अधिविशेषण म्हणतात. नामाच्या नंतर, विधानाचा भाग म्हणून आले, तर ते विधिविशेषण होय. या दोन्ही जागी 'इतका' हा शब्द जसाच्या तसा राहतो. बदल होतो तो केवळ लिंग आणि वचन यांच्यामुळे : इतका मोठा वाडा, इतकी मोठी नदी, इतके मोठे झाड. हिंदी भाषिकाचा 'इतना' याच रीतीने वागतो. तमिळ भाषेचे कुळ वेगळे. तरी तिच्यातील 'इव्वळवु' हा शब्दही 'इतका सुंदर दिवस' आणि 'दिवस इतका सुंदर' या दोन्ही रचनांमध्ये तोच राहतो. तेव्हा मुंबईचा विद्यार्थी, लखनौचा विद्यार्थी आणि मदुराईचा विद्यार्थी इंग्रजी लिहिताना एकाच ठिकाणी अडखळले, तर त्यात आश्चर्य नाही. ज्या जागी त्यांच्या भाषांत एक शब्द आहे, त्या जागी इंग्रजीने दोन शब्द ठेवले आहेत, आणि त्या दोघांच्या सीमा काटेकोरपणे आखल्या आहेत.

यात आणखी एका उणिवेची भर पडते. आपल्या भाषांत 'ए' आणि 'ॲन' या अनिश्चित उपपदांना जोड नाही. त्यामुळे 'सो ब्यूटिफुल डे' लिहिणाऱ्याच्या वाक्यात वस्तुतः दोन चुका दिसतात : 'सच'च्या जागी 'सो' आले आहे, आणि 'ए' गळले आहे. शिक्षक पुष्कळदा या दोन चुका निरनिराळ्या समजून निरनिराळ्या दुरुस्त करतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. लिहिणाऱ्याचे लक्ष विशेषणावर खिळलेले आहे. त्या विशेषणापुढे एक नाम उभे आहे, इकडे त्याची नजर गेलेली नाही.

'सो' या शब्दाचा अधिकार फार लहान आहे. तो आपल्या लगेच पुढे येणाऱ्या विशेषणाला किंवा क्रियाविशेषणाला चिकटतो आणि तेथेच त्याचे काम संपते. 'सो ब्यूटिफुल', 'सो टायर्ड', 'सो स्लोली' — येथे पुढे नाम नाही, आणि 'सो'ला त्याची गरजही नाही. 'सच' याच्या उलट आहे. तो विशेषणाचा नव्हे, नामाचा सोबती आहे. नाम, त्याचे उपपद आणि त्याची विशेषणे असा जो सगळा शब्दसमूह असतो, त्या समूहाच्या दाराशी 'सच' उभा राहतो. 'सच ए ब्यूटिफुल डे' यात 'सच'चा संबंध 'ब्यूटिफुल'शी नसून 'ए ब्यूटिफुल डे' या संपूर्ण समूहाशी आहे. 'ए' हे उपपद त्याच्यानंतर का येते, याचे कारणही हेच : दाराशी उभा असलेला मनुष्य घराच्या बाहेर असतो, आणि उपपद तर घरातलेच माणूस आहे.

यातून तपासणीची एक साधी रीत निघते. लिहून झालेल्या वाक्यातील विशेषण काही क्षण काढून टाकावे आणि उरलेले शब्द वाचून पाहावेत. 'सच ए ब्यूटिफुल डे' मधून 'ब्यूटिफुल' वगळले तर 'सच ए डे' उरते. 'असा दिवस' हा अर्थ शाबूत राहतो आणि शब्दरचना इंग्रजीत चालते. आता 'सो ब्यूटिफुल डे' मधून तेच विशेषण वगळा. उरते 'सो डे', आणि त्याला काहीच अर्थ नाही. 'द डे वॉज सो ब्यूटिफुल' मधून 'ब्यूटिफुल' काढले तर 'सो' निराधार होऊन वाक्य लोंबकळत राहते. म्हणजे तेथे 'सो'चा आधार ते विशेषणच होते, आणि म्हणून 'सो' तेथे योग्य होते. विशेषण गेल्यावर ज्याला उभे राहण्यास नाम सापडते तो 'सच', आणि ज्याला ते सापडत नाही तो 'सो', असा हा पडताळा आहे.

नाम अनेकवचनी असेल किंवा संख्येने मोजता न येणारे असेल, तर 'ए' येणार नाही, परंतु 'सच' येईलच. 'सच ब्यूटिफुल डेज', 'सच हॉट वेदर', 'सच गुड ॲडव्हाइस'. येथे आपल्या विद्यार्थ्यांची चूक बहुधा उलट्या बाजूने होते. 'सच' म्हटले की पुढे 'ए' आलेच पाहिजे, असे पाठ केल्यामुळे ते 'सच ए हॉट वेदर' असे लिहून जातात. उपपदाचा निर्णय 'सच' करीत नाही, नाम करते. 'डे' मोजता येतो म्हणून 'ए' आले. 'वेदर' मोजता येत नाही म्हणून ते आले नाही.

या दोन शब्दांचा इतिहास त्यांच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकतो. 'सो' हा जुन्या इंग्रजीतील 'स्वा' या शब्दाचा वंशज आहे, आणि त्याचा अर्थ 'तसे, त्या रीतीने' असा होता. 'सच' हा मुळात एक शब्दच नव्हता. हेच 'स्वा' आणि 'रूप, देह' या अर्थाचा दुसरा एक शब्द यांच्या जोडणीतून तो तयार झाला. म्हणजे 'सच'चा मूळ अर्थ 'तशा रूपाचा'. संस्कृतातील 'तादृश' आणि 'ईदृश' हे शब्द ज्याने पाहिले असतील, त्याला ही घडण परकी वाटणार नाही. 'त्यासारखा दिसणारा' हाच भाव तेथेही आहे. ज्या शब्दाच्या पोटातच 'रूप' आहे, त्याला ते रूप धारण करणारी वस्तू, म्हणजे नाम, हवे असणार. 'सो' केवळ रीत किंवा प्रमाण सांगतो. त्याला वस्तूशी कर्तव्य नाही.

येथे एक गोष्ट सांगून ठेवणे न्यायाचे होईल. 'सो ब्यूटिफुल डे' लिहिणारा मनुष्य तर्काच्या विरुद्ध काही करीत नसतो. इंग्रजीच्या जवळच्या नात्यातील जर्मन भाषेत 'आइन झो श्योनर टाग' असे म्हणतात, आणि शब्दाला शब्द ठेवला तर ते 'ए सो ब्यूटिफुल डे' असेच होते. फ्रेंच माणूसही आपला 'सि' हा शब्द उपपद आणि विशेषण यांच्या मध्ये निःसंकोच घालतो. म्हणून या भाषांचे लोक इंग्रजी शिकू लागले की त्यांच्या हातूनही अशीच चूक घडण्यास जागा असते. आपण येथे इंग्रजीची एक खास लकब शिकत आहोत, जगाच्या व्याकरणाचा अटळ नियम नव्हे. लकब म्हटली की ती समजून घ्यावी लागते आणि सवयीने अंगवळणी पाडावी लागते.

ती अंगवळणी पडण्यास एक जोडी फार उपयोगी पडते, आणि शालेय पुस्तकांत तिचा उल्लेख जितका व्हावा तितका होत नाही. आश्चर्य व्यक्त करताना इंग्रजीत 'व्हॉट' आणि 'हाउ' हे दोन शब्द वापरतात. 'व्हॉट ए ब्यूटिफुल डे!' आणि 'हाउ ब्यूटिफुल द डे इज!' ही दोन वाक्ये आपल्याकडील मुलेही सहसा चुकत नाहीत, कारण ती लहानपणापासून कानावर पडलेली असतात. आता पाहा : जेथे 'व्हॉट' बसतो तेथे 'सच' बसतो, आणि जेथे 'हाउ' बसतो तेथे 'सो' बसतो. 'व्हॉट ए ब्यूटिफुल डे', 'सच ए ब्यूटिफुल डे'. 'हाउ ब्यूटिफुल', 'सो ब्यूटिफुल'. अनेकवचनातही ही जोडी सुटत नाही : 'व्हॉट लव्हली फ्लॉवर्स', 'सच लव्हली फ्लॉवर्स'. 'हाउ ब्यूटिफुल डे' असे कोणी म्हटले तर आपल्याही कानाला ते चमत्कारिक लागते. नेमके तितकेच चमत्कारिक 'सो ब्यूटिफुल डे' हे इंग्रजाच्या कानाला लागते. ज्याला व्याकरणाच्या परिभाषेचा कंटाळा असेल, त्याने एवढी एक जोडी ध्यानात ठेवली तरी चालेल.

'सो'नंतर विशेषण आणि त्यापुढे नाम कधीच येत नाही काय? येते; पण त्यासाठी शब्दांचा क्रम बदलावा लागतो. 'सो ब्यूटिफुल ए डे' ही रचना शुद्ध आहे. येथे 'सो' आपल्या विशेषणाला हाताला धरून उपपदाच्याही पुढे घेऊन जातो, आणि 'ए डे' मागे राहते. विशेषण नामापासून सुटे झाल्यामुळे 'सो'ची अट पूर्ण होते. 'टू हॉट ए डे', 'ॲज गुड ए मॅन', 'हाउ लाँग ए जर्नी' या रचना याच साच्यातल्या आहेत. मात्र हा साचा भारदस्त लेखनाचा आहे. भाषणात, ग्रंथात, न्यायालयाच्या निकालपत्रात तो शोभतो, बाजारातल्या बोलण्यात तो अवघडल्यासारखा वाटतो. शिवाय तो एकवचनी, मोजता येणाऱ्या नामापुरताच चालतो. मध्ये येण्यासाठी 'ए' हवेच, आणि ते नसेल तर साचाच उभा राहत नाही. म्हणून 'सो ब्यूटिफुल डेज' किंवा 'सो हॉट वेदर' यांना या वाटेनेही सुटका नाही. तेथे 'सच' हाच एक मार्ग.

आता एका अपवादाकडे वळू. तो दिसतो अपवादासारखा, पण नीट पाहिले तर तसा नाही. 'सो मेनी पीपल', 'सो मच वॉटर', 'सो फ्यू बुक्स', 'सो लिट्ल मिल्क' — या सर्वांत पुढे नाम असूनही 'सो' आहे. कारण 'मेनी', 'मच', 'फ्यू' आणि 'लिट्ल' हे शब्द येथे नामाचा गुण सांगत नाहीत, त्याचे प्रमाण सांगतात, आणि प्रमाणाच्या शब्दांवर 'सो'चा हक्क पक्का आहे. येथेही आपल्या जोडीचा पडताळा लागू पडतो : 'हाउ मेनी', 'हाउ मच' असेच आपण म्हणतो, 'व्हॉट मेनी' म्हणत नाही.

या जागी मराठी माणसाने विशेष सावध राहिले पाहिजे, कारण येथे चुकीने अर्थही पालटतो. मराठीत विशेषणावाचून आलेला 'इतका' हा संख्या किंवा प्रमाण दाखवतो. 'इतके लोक आले होते' म्हणजे पुष्कळ लोक आले होते. 'इतके' म्हणजे 'सच' अशी गाठ मनात बांधलेल्या लेखकाने हे वाक्य 'सच पीपल हॅड कम' असे लिहिले, तर त्याचा अर्थ 'असले लोक आले होते' असा होईल. यजमानाने आपल्या समारंभाचे वर्णन या शब्दांत केले, तर आलेल्या पाहुण्यांचा तो अपमानच ठरेल. त्याला हवे होते 'सो मेनी पीपल'. 'लिट्ल' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. तो 'थोडे' या अर्थी आला की 'सो' घेतो : 'सो लिट्ल मिल्क'. 'लहान' या अर्थी आला की तो साधे विशेषण होतो आणि 'सच' घेतो : 'सच लिट्ल चिल्ड्रन'. शब्द तोच, पण एकदा तो माप सांगतो आणि एकदा गुण.

आणखी एक फसगत मराठी वाक्याचे बोट धरून चालल्यामुळे होते. 'मला इतकी भूक लागली होती' या वाक्यात 'भूक' हे नाम आहे. नाम दिसले म्हणून कोणी 'सच' लिहू लागेल. परंतु इंग्रजी हीच गोष्ट विशेषणाने सांगते : 'आय वॉज सो हंग्री'. 'इतकी थंडी होती' याचेही तसेच. 'इट वॉज सो कोल्ड' यात 'कोल्ड' हे विशेषण आहे. उलट 'तो इतका मूर्ख आहे' यातील 'मूर्ख' हा शब्द आपल्याकडे नाम आणि विशेषण या दोन्ही नात्यांनी वावरतो. इंग्रजीत त्या दोन नात्यांना दोन शब्द आहेत, आणि लिहिणाऱ्याने 'फूल' हे नाम निवडले तर 'सच ए फूल', 'फूलिश' हे विशेषण निवडले तर 'सो फूलिश' असे लिहावे लागते. सारांश हा नियम मनातल्या मराठी वाक्यावर चालवून भागत नाही. वाक्य आधी इंग्रजीत उतरवावे आणि मग त्यात नाम कोठे आहे ते शोधावे.

आता एक उदाहरण सविस्तर तपासून पाहू. समजा, एका खेड्यातील माध्यमिक शाळेतील शिक्षिका आपल्या एका विद्यार्थिनीसाठी शिष्यवृत्तीचे शिफारसपत्र लिहीत आहेत. पत्र परप्रांतातील एका संस्थेकडे जावयाचे असल्यामुळे ते इंग्रजीत लिहिले आहे. मुलीची ओळख तेथे कोणालाच नाही. जे काही मत बनेल ते या एका कागदावरून बनणार आहे. बाईंच्या कच्च्या मसुद्यात पुढील पाच वाक्ये आली :

'शी इज सो सिन्सिअर स्टुडंट दॅट ऑल टीचर्स ट्रस्ट हर. शी कम्स फ्रॉम सो पुअर फॅमिली दॅट शी वर्क्स इन द फील्ड्स बिफोर स्कूल. स्टिल शी हॅज सच ए नीट हॅण्डरायटिंग. इन सच शॉर्ट टाइम शी हॅज लर्न्ड सच मेनी थिंग्ज. माय सच ब्राइट स्टुडंट शुड नॉट लूज धिस चान्स.'

मुलगी प्रामाणिक आहे, सर्व शिक्षकांचा तिच्यावर विश्वास आहे, घरच्या गरिबीमुळे ती शाळेपूर्वी शेतात काम करते, तिचे अक्षर नेटके आहे, थोड्या काळात ती पुष्कळ शिकली आहे, आणि अशा हुशार मुलीची ही संधी हुकू नये, हा सर्व आशय वाचकापर्यंत पोचतो. तरीही पाचही वाक्यांत दुरुस्तीला जागा आहे.

पहिल्या वाक्यातून 'सिन्सिअर' काढले तर 'सो स्टुडंट' उरते. म्हणजे विशेषणापुढे नाम आहे, आणि ते मोजता येणारे व एकवचनी आहे. म्हणून 'सच ए सिन्सिअर स्टुडंट दॅट' असे हवे. पुढे 'दॅट' येऊन 'इतकी की' असा अर्थ जोडला गेला तरी या निवडीत फरक पडत नाही. 'सो' आणि 'सच' हे दोघेही 'दॅट'ला सारख्याच आपुलकीने जवळ करतात. दुसऱ्या वाक्यात 'फॅमिली' हे नाम आहे, तेव्हा 'सच ए पुअर फॅमिली'. परंतु पत्र औपचारिक आहे, आणि एकाच परिच्छेदात पाच वेळा 'सच' आला तर तो कानाला टोचेल. म्हणून येथे मघाचा भारदस्त साचा वापरून 'सो पुअर ए फॅमिली' असे लिहिता येईल, आणि ते अधिक शोभेल.

तिसऱ्या वाक्यात 'सच' बरोबर आहे, पण 'ए' चुकले आहे. 'हॅण्डरायटिंग' हे इंग्रजीत मोजायचे नाम नाही. 'सच नीट हॅण्डरायटिंग' हे पुरे. चौथ्या वाक्यात एकाच दमात दोन निरनिराळ्या चुका आहेत. 'टाइम' हा शब्द एरवी मोजता न येणारा आहे खरा. पण 'थोडा अवधी' या अर्थी इंग्रजी माणूस 'ए शॉर्ट टाइम' असे म्हणतो, आणि ते उपपद 'सच'नंतरही टिकले पाहिजे : 'इन सच ए शॉर्ट टाइम'. 'मेनी' मात्र प्रमाणाचा शब्द आहे. त्याच्यापूर्वी 'सो' हवा : 'सो मेनी थिंग्ज'.

पाचवे वाक्य सर्वांत शिकवणारे आहे. 'माझ्या इतक्या हुशार विद्यार्थिनीची' ही मराठी रचना निर्दोष आहे, आणि बाईंनी ती जशीच्या तशी इंग्रजीत आणली. पण 'सच' हा समूहाच्या दाराशी उभा राहणारा शब्द आहे, हे आपण पाहिले. 'माय', 'द', 'धिस' हे शब्दही आपापल्या समूहाचे दार बंद करणारे आहेत. दोघांना एकत्र उभे राहता येत नाही. 'माय सच' चालत नाही, आणि उलटा क्रम करून 'सच माय' म्हटले तरी चालत नाही. 'सो' घातल्याने, म्हणजे 'माय सो ब्राइट स्टुडंट' म्हटल्याने, वाक्याचे अवघडलेपण जात नाही. तेव्हा दोहोंपैकी एकाला रजा द्यावी लागते. मालकीचा भाव अगदी हवाच असेल तर तो नामाच्या मागे ठेवता येतो. 'माझा इतका जुना मित्र' याला इंग्रजीत 'सच ॲन ओल्ड फ्रेंड ऑफ माइन' म्हणतात, ते या युक्तीने. या पत्रात विद्यार्थिनी कोणाची हे आधीच स्पष्ट आहे, म्हणून 'सच ए ब्राइट स्टुडंट' एवढेच पुरे.

या दुरुस्त्या केल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो व्याकरणाचा नसून शैलीचा आहे. तिसऱ्या वाक्यात 'सच' आहे, पण पुढे 'दॅट' नाही. अशा वेळी त्या 'सच'मध्ये उद्गाराचा सूर येतो. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना तो गोड वाटतो, अपरिचित संस्थेला लिहिलेल्या पत्रात तो किंचित भाबडा वाटतो. तेथे साधे 'व्हेरी' अधिक बरे : 'हर हॅण्डरायटिंग इज व्हेरी नीट'. मात्र 'व्हेरी'मुळे एक वेगळाच घोटाळा होऊ शकतो, तो येथेच सांगितला पाहिजे. 'ए व्हेरी ब्राइट स्टुडंट' यात उपपद सर्वांत आधी येते, आणि त्याच्याच अनुकरणाने काही जण 'ए सच ब्राइट स्टुडंट' किंवा 'ए सो ब्राइट स्टुडंट' असे लिहितात. 'व्हेरी' घरात राहतो, उपपदाच्या आत. 'सच' बाहेर उभा असतो. 'सो' विशेषणाला घेऊन बाहेर पडतो. तिघांची जागा वेगळी असल्यामुळे उपपदाचीही जागा दर वेळी वेगळी होते.

शेवटी बाईंनी पाठवावयाचे पत्र असे होईल :

'शी इज सच ए सिन्सिअर स्टुडंट दॅट ऑल हर टीचर्स ट्रस्ट हर. शी कम्स फ्रॉम सो पुअर ए फॅमिली दॅट शी वर्क्स इन द फील्ड्स बिफोर स्कूल. स्टिल, हर हॅण्डरायटिंग इज व्हेरी नीट, अँड शी हॅज लर्न्ड सो मेनी थिंग्ज इन सच ए शॉर्ट टाइम. सच ए ब्राइट स्टुडंट शुड नॉट लूज धिस चान्स.'

पहिल्या वाक्यात 'हर' हा एक शब्द वाढविला आहे. तो 'सच' किंवा 'सो' यांच्यासाठी नव्हे. 'ऑल टीचर्स' म्हटले तर जगातील सगळे शिक्षक असा अर्थ निघतो, आणि बाईंना तिचे शिक्षक एवढेच म्हणावयाचे होते.